मिनिटभराचं वाचन आणि मग गोष्ट सांगणं

प्रिय ताई,
मी सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथी एकत्र शिकवते. मुलांच्या घरी कोकणी, दोघा-तिघांच्या घरी कन्नड. तिसरीत मिनिटाला साठ शब्द वाचता आले पाहिजेत असं सांगितलं आहे, म्हणून मी घड्याळ लावून वाचन घेते. एक मुलगी सत्तरच्या आसपास वाचते, पण काय वाचलं विचारलं की गप्प. एक मुलगा तिच्या निम्म्याने वाचतो, पण गोष्ट बरोबर सांगतो. यादीत मुलगी वर आणि मुलगा खाली. हे मला पटत नाही, पण कागदावर दुसरं काय लिहू तेही कळत नाही. दोन्ही एकत्र मोजायची काही साधी रीत आहे का? माझ्याकडे एका मुलासाठी चार-पाच मिनिटांहून जास्त वेळ नसतो.
— एक शिक्षिका, वाळपई परिसर

प्रिय बाई,

तुमचं न पटणं बरोबर आहे. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं तेव्हा तिसरीचं जे उद्दिष्ट ठरलं, त्याचं पूर्ण वाक्य असं आहे की मुलाने वयाला साजेसा, आधी न पाहिलेला मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या गतीने, अचूक आणि अर्थ समजून वाचावा. शाळेपर्यंत पोचताना त्यातला फक्त आकडा उरतो. त्यात हा आकडा सगळ्या भाषांना सारखाच लागू पडेल असंही नाही. २०२२ साली एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांची वीस भाषांमध्ये एकेकाला समोर बसवून चाचणी घेतली, तेव्हा वाचनगतीचे टप्पे भाषेनुसार वेगवेगळे ठरवले. मराठीत ‘घराबाहेरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो. ज्या भाषेत त्यासाठी तीन-चार सुटे शब्द लागतात, तिथलं मूल तेवढंच वाचून आकड्यात पुढे दिसतं.

चार मिनिटांत दोन्ही मोजता येतं. एक मिनिट घड्याळ लावून वाचन, मग उतारा काढून घेऊन तोंडी पुनर्कथन, शेवटी दोन प्रश्न. यासाठी उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, तो मुलांना ऐकून ऐकून पाठ असतो. सत्तर ते शंभर शब्दांची, ज्यात एका गोष्टीमुळे दुसरी घडते अशी छोटी गोष्ट स्वतः लिहा. मी वापरलेली एक इथे देते. वाक्यापुढचा आकडा तिथपर्यंतचे एकूण शब्द सांगतो. तो फक्त तुमच्या प्रतीवर ठेवा, मुलाच्या प्रतीवर नको.

शांतीच्या घरामागे एक जुनी विहीर होती. (६)
सकाळी ती कळशी घेऊन पाणी आणायला गेली. (१३)
दोरीची गाठ सैल होती. (१७)
कळशी सुटली आणि विहिरीत पडली. (२२)
आई रागावेल म्हणून शांती रडू लागली. (२८)
तेवढ्यात शेजारचे आजोबा तिथे आले. (३३)
त्यांनी घरातून लांब दोरी आणि लोखंडी गळ आणला. (४१)
दोनदा गळ रिकामाच वर आला. (४६)
तिसऱ्यांदा तो कळशीच्या कडेला अडकला. (५१)
आजोबांनी कळशी हळूहळू वर ओढली. (५६)
मग त्यांनी शांतीला दोरीची पक्की गाठ मारायला शिकवले. (६४)
दुसऱ्या दिवशी शांतीने गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मगच कळशी विहिरीत सोडली. (७६)

मुलाला बाजूला व्हरांड्यात बसवा. कौलांवर पाऊस जोरात वाजत असेल त्या दिवशी ही चाचणी घेऊ नका, कारण अर्धं ऐकूच येत नाही. सुरुवातीला सांगायचं ते इतकंच: “ही गोष्ट मोठ्याने वाच. वाचून झाल्यावर ती मला सांगायची आहे.” हे दुसरं वाक्य आधीच सांगणं फार महत्त्वाचं. ते न सांगता वाचायला लावलं आणि मग अचानक “सांग आता” म्हटलं, तर तुम्ही मुलाची समज न तपासता त्याला बेसावध गाठलेलं असतं. ‘लवकर’, ‘भरभर’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका आणि घड्याळ किंवा मोबाइल मुलाच्या नजरेआड ठेवा.

पहिला शब्द उच्चारला की वेळ सुरू. चुकलेल्या शब्दावर तुमच्या प्रतीत रेघ मारा. शब्द गाळला, दुसराच वाचला किंवा त्याचा प्रत्यय सोडला तर ती चूक. ‘विहिरीत’चं ‘विहीर’ झालं तर अर्थ बदलतो, म्हणून तीही चूकच. मूल अडलं तर तीन सेकंद थांबा, मग शब्द सांगा, चूक धरा आणि पुढे जाऊ द्या. अक्षरं जुळवत जुळवत शेवटी शब्द बरोबर म्हटला तर तो बरोबर. स्वतःच मागे येऊन दुरुस्त केलेला शब्दही बरोबर, पण त्यावर वेगळी खूण करा, ती पुढे फार उपयोगी पडते. शब्द पुन्हा म्हणणं किंवा पदरचा एखादा शब्द घालणं याला चूक धरू नका, त्यात वेळ जातो तेवढं पुरे. घरच्या बोलीतला उच्चारही चूक नाही. मूल एरवी बोलतानाही ‘पानी’ म्हणत असेल तर ‘पाणी’चं ‘पानी’ वाचणं बरोबर धरायचं. पहिल्या दहा शब्दांतला एकही जमला नाही तर तिथेच प्रेमाने थांबवा. त्या मुलाला ही चाचणी आत्ता काहीच सांगत नाही, त्याची अक्षरओळख आधी पाहायला हवी.

साठ सेकंद झाले की त्या शब्दापुढे उभी रेघ मारा. मिनिटात वाचलेल्या शब्दांतून चुका वजा केल्या की गतीचा आकडा मिळतो. मिनिटाच्या आतच गोष्ट संपली तर बरोबर शब्दांना साठने गुणून लागलेल्या सेकंदांनी भागा.

इथे बऱ्याच चाचण्यांत मुलाला थांबवतात आणि वाचलं तेवढ्यावरच पुनर्कथन घेतात. मोठ्या पाहणीत वेळ वाचवायला ते ठीक आहे. तुमच्या वर्गात मात्र मी तसं करणार नाही. तुमचा मुलगा मिनिटात आजोबा येईपर्यंतच पोचेल, आणि जी गोष्ट त्याच्यापुरती अर्ध्यात तुटली ती तो काय सांगणार? म्हणून रेघ मारा, पण काही न बोलता त्याला शेवटपर्यंत वाचू द्या. मग सगळ्या मुलांचं पुनर्कथन एकाच गोष्टीवर होतं. अपवाद फक्त मिनिटात वीस शब्दांच्या खाली राहणाऱ्या मुलांचा. त्यांना शेवटापर्यंत ओढत नेऊ नका. गोष्ट तुम्हीच वाचून दाखवा, ऐकून सांगायला लावा आणि नोंदीत ‘ऐकून’ असं लिहा.

वाचन संपलं की कागद काढून घ्या आणि म्हणा, “आता आठवेल तेवढं सगळं सांग.” मूल थांबलं तर एकदाच विचारा, “आणखी काय झालं?” बरोबर मुद्दा आल्यावर मान डोलावली की मूल तुमच्या चेहऱ्यावरून पुढचं ठरवू लागतं, म्हणून चेहरा मोकळा पण स्थिर असू द्या. ‘मग आजोबांनी काय केलं?’ असं विचारलंत तर आजोबा तुम्हीच आणून दिलेत. एक मिनिट पुरतं.

मोजायचे असतात ते मुद्दे, शब्द नाहीत. ते तुमच्या प्रतीच्या मागे आधीच लिहून ठेवा. या गोष्टीचे मी दहा केले: पाणी आणायला विहिरीवर गेली, गाठ सैल होती, कळशी पडली, शांती रडली, आजोबा आले, दोरी आणि गळ आणला, दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा कळशी वर आली, गाठ मारायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी तिने गाठ तपासली. मुद्दा स्वतःच्या शब्दांत आला तरी पूर्ण धरा. गोष्टीत नसलेलं काही आलं (“मग आईने तिला मारलं”) तर ते बाजूला लिहा, गुण देऊ नका आणि कापूही नका. दहाच्या आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट नोंदवा: सैल गाठीमुळे कळशी पडली हे मुलाने जोडलं का? सुटे मुद्दे आठवणीतून येतात. हा दुवा मात्र समजल्याशिवाय येत नाही.

शेवटी दोन प्रश्न. “कळशी का पडली?” आणि “दुसऱ्या दिवशी शांतीने गाठ आधी ओढून का पाहिली?” पहिल्याचं उत्तर मजकुरात आहे, दुसऱ्याचं मुलाला स्वतः काढावं लागतं. प्रश्नाची उत्तरं पुनर्कथनाच्या दहात मिळवू नका, कारण प्रश्नातच अर्धी आठवण करून दिलेली असते. पण लाजाळू मुलासाठी हाच आधार आहे. जे मूल सांगताना दोनच वाक्यं बोललं आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं नीट दिली, त्याला गोष्ट कळली आहे, त्याला सांगायचा संकोच आहे. प्रश्न ठरवताना ते गोष्ट न वाचलेल्या मुलालाही विचारून पाहा. “पाणी कशातून आणतात?” याचं उत्तर कुणीही देईल, म्हणून असला प्रश्न कामाचा नाही.

तुमच्या शाळेसाठी भाषेचा नियम आधीच ठरवून टाका. वाचायचं मराठीत, सांगायचं हव्या त्या भाषेत. तुमच्या मुलांच्या घरी विहिरीला बांय म्हणतात. ज्याने “गांठ घट नासली, म्हूण कळसो बांयंत पडलो” असं सांगितलं, त्याने दोन मुद्दे आणि त्यांच्यातला दुवा एका वाक्यात दिला. त्याला पूर्ण श्रेय द्या. मराठीतच सांग म्हणून अडवलंत तर तुम्ही त्याचं मराठी बोलणं मोजाल, वाचून समजणं नाही. दोन्ही मोजण्यासारखं आहे, पण एका आकड्यात नाही. कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी घटनांची चार-पाच चित्रं काढून ठेवा. ती क्रमाने लावायला सांगा आणि जमेल तेवढं बोलू द्या. ही नोंद दहाच्या मापात बसत नाही, ती वेगळीच लिहा.

आता या उताऱ्यावर तिसरीतल्या दोन मुलांची मी घेतलेली नोंद पाहा. ती तुमच्या दोघांच्या बरीच जवळची आहे.

मुलगी मिनिटात ७१व्या शब्दापर्यंत पोचली. चुका चार, म्हणजे ६७. ‘सैल’चं तिने ‘साल’ केलं, ‘गळ’ दोन्ही वेळा ‘गाळ’ वाचला आणि ‘अडकला’च्या जागी ‘आला’ म्हणाली. दुरुस्ती एकही नाही. पुनर्कथनात विहीर, कळशी पडणं आणि आजोबा आले एवढंच, म्हणजे दहापैकी तीन, आणि कळशी पडल्याचं तिने शेवटी सांगितलं. “कळशी का पडली?” याला उत्तर आलं, “जड होती.”

मुलगा ३४व्या शब्दापर्यंत पोचला. चुका दोन, म्हणजे ३२, आणि तीन शब्द त्याने स्वतः मागे येऊन दुरुस्त केले. पुढची गोष्ट त्याने सावकाश पूर्ण केली. पुनर्कथन कोकणीतून, दहापैकी आठ मुद्दे क्रमाने, गाठ आणि कळशीचा दुवा स्पष्ट. दोन्ही प्रश्न बरोबर.

अचूकता काढली तर दोघांचीही शंभरात सुमारे ९४ येते. अचूकतेने ती दोघं सारखी, गतीने मुलगी दुप्पट पुढे, समजण्यात मुलगा दुपटीहून पुढे. एकच आकडा घेतला असता तर कुठल्याही बाजूने चूक झाली असती. सगळ्यात बोलकी ठरली ती दुरुस्तीची खूण. “दोरीची गाठ साल होती” हे वाक्य अर्थ पाहणाऱ्या मुलाला खटकतं, ते थांबतं, मागे येतं. मुलीला खटकलं नाही. आणि तिच्या चुका कुठे पडल्या तेही पाहा: सैल, गळ, अडकला. गोष्ट ज्यांवर फिरते नेमके तेच शब्द.

पण एवढ्यावरून मुलीला समजत नाही असं लिहून मोकळं होता येत नाही. पुनर्कथन कमी येण्याची कारणं तीन असू शकतात: ती अर्थाकडे लक्ष न देता वाचते, मराठी मजकूरच तिला ऐकूनही कळत नाही, किंवा सांगायची सवय नाही. हे वेगळं करायची वाट सोपी आहे. गफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं की वाचून समजण्याला दोन गोष्टी लागतात, लिहिलेलं उलगडता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. यातली एक जरी लंगडी असली तरी वाचन अडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला तेवढ्याच अवघड गोष्टीचं श्रवण दिलं. मी वाचली, तिने ऐकून सांगितली, दहापैकी सात मुद्दे आले. म्हणजे मराठी तिला कळतं आणि सांगताही येतं. मग तिसऱ्या उताऱ्यावर तिला म्हटलं, “घाई नाही, वाक्य संपलं की थांब, मला गोष्ट नीट ऐकायची आहे.” मिनिटात ५२ शब्द बरोबर आले आणि पुनर्कथनात सहा मुद्दे. तिच्या डोक्यात वाचन म्हणजे शर्यत बसली होती, आणि ती आपणच बसवली होती.

तुमच्या मुलीलाही याच क्रमाने तपासा. ऐकूनही तिला गोष्ट सांगता आली नाही, तर तीच तपासणी कोकणीतल्या गोष्टीवर करा. कोकणीत आली आणि मराठीत नाही, तर तिला मराठी शब्द आणि बोलणं द्यायचं आहे, वाचनाचा सराव नाही. दोन्हींत आली नाही, तर रोज गोष्ट ऐकून सांगण्यापासून सुरुवात करा. आणि ऐकून छान सांगितली, तर घड्याळ काही आठवडे बंद ठेवा आणि दर दोन-तीन वाक्यांनी “काय झालं?” विचारत वाचन घ्या. अडलेल्या शब्दाचा अर्थ तिथेच विचारायची सवय लावा.

मुलाचं काम अगदी वेगळं. त्याला समज शिकवायची गरज नाही, त्याचे प्रश्न सोडवून घेण्यात वेळ घालवू नका. तो कुठे अडतो ते त्याच्या प्रतीतल्या खुणांवरून काढा. माझ्या मुलाच्या बाबतीत ते ‘तेवढ्यात’, ‘त्यांनी’ अशी जोडाक्षरं आणि ‘घरामागे’सारखे प्रत्यय लागून लांबलेले शब्द होते. असे शब्द ‘घरा-मागे’, ‘दोरी-ची’ असे तोडून दाखवा. एकच छोटा उतारा तीन-चार दिवस रोज मोठ्याने वाचून घ्या, मग नवा द्या. त्याची गती वाढली आणि पुनर्कथन आठच्या आसपास राहिलं, तर सराव योग्य चालला आहे. गती वाढताना मुद्दे घसरू लागले तर तिथे थांबा.

आकड्यांवर किती विसंबायचं, तेही सांगते. एका उताऱ्यावरच्या गतीत पाच-सात शब्दांचा फरक उताऱ्याचा, दिवसाचा किंवा तुमच्या घड्याळाचा असू शकतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला तीन उतारे घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. तीन उतारे एकाच दिवशी नको, मुलं थकतात. पुढे महिन्यातून एक पुरे. पुनर्कथनाचे गुण याहूनही ढिले असतात, कारण एका शिक्षिकेला मुद्दा आला असं वाटतं आणि दुसरीला अर्धा वाटतो. पालकांना सांगून पहिल्या चार-पाच मुलांचं सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. जवळच्या शाळेतल्या बाईंना ते ऐकवून स्वतंत्र गुण द्यायला सांगा. एकाहून जास्त मुद्द्यांचा फरक आला तर कोणत्या मुद्द्यावर आला ते पाहून नियम ठरवा, जसं ‘गळ’ न म्हणता ‘आकडा टाकला’ म्हटलं तर चालेल. मग रेकॉर्डिंग काढून टाका.

माहितीचा उतारा (माडाबद्दल, वाघाबद्दल) घेतलात तर त्यात घटनांचा क्रम नसतो, त्यामुळे तिथे मुद्द्यांची संख्या आणि मुख्य गोष्ट एवढंच पाहा. त्याचे गुण गोष्टीच्या गुणांशी ताडून पाहू नका.

यादीबद्दल विचारलंत. वर-खाली क्रम लावूच नका. प्रत्येक मुलापुढे चार रकाने ठेवा: गती, स्वतः केलेल्या दुरुस्त्या, दहापैकी मुद्दे आणि दुवा, प्रश्न. चारांच्या पुढे मोकळी जागा ठेवा. त्यात माझ्या मुलीपुढे मी लिहिलं होतं, “६७, ०, ३, दुवा नाही, ‘कळशी का पडली’ चुकलं, ऐकून ७, घाई काढायची.” मुलापुढे: “३२, ३, ८ (कोकणी), दुवा आहे, २/२, लांब शब्द आणि जोडाक्षरं.” केंद्राकडून फक्त गतीचा आकडा मागितला तर तो द्या, पण त्याच ओळीत पुनर्कथनाचा आकडाही लिहून पाठवा.